पॅकिंग विभागाची जुलै-सप्टेंबरची गैरहजेरी : एकाच मस्टरवरून दोन वेगळे आकडे

मंजिरी_फोंडा

नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी एच.आर.मध्ये आहे. पॅकिंग विभागाची जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीची गैरहजेरीची टक्केवारी मला या आठवड्यात सादर करायची आहे, आणि त्याच मस्टरवरून माझा आकडा एक येतो व मुख्य कार्यालयाच्या सॉफ्टवेअरचा दुसराच.

१ जुलैला विभागात २४ जण होते. १ ऑगस्टला दोघे नव्याने रुजू झाले, त्यामुळे तिमाहीच्या अखेरीस मस्टरवर २६ नावे आहेत. रविवारी साप्ताहिक सुट्टी असते, आणि १५ ऑगस्ट तसेच चतुर्थीचे २७ व २८ ऑगस्ट असे आणखी तीन दिवस कारखाना बंद होता. मस्टरवर गैरहजेरीचे एकूण २३८ दिवस भरतात. त्यांत पी.एल. ८२, सी.एल. ३७, आजारपणाच्या रजा ३३, ई.एस.आय.वर असलेल्या एका ऑपरेटरचे ४५ आणि विनापरवानगी ४१ दिवस आहेत.

मी सुरुवातीचे २४ आणि शेवटचे २६ यांची सरासरी २५ धरली, तिला तिमाहीच्या ९२ दिवसांनी गुणले आणि २३०० वर २३८ म्हणजे १०.३ टक्के काढले. सॉफ्टवेअर मात्र १२.४ टक्के दाखवते. महिनावार पाहिले तर सॉफ्टवेअरमध्ये जुलै ८.०, ऑगस्ट २०.४ आणि सप्टेंबर ९.५ असे आकडे आहेत.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण खरी अडचण तीच आहे. १ सप्टेंबरपासून विभागात बायोमेट्रिक यंत्र बसले. यंत्रामुळे गैरहजेरी २० टक्क्यांवरून साडेनऊवर आली, असे वाक्य तिमाही टिपणात घालावे असा आमच्या व्यवस्थापकांचा आग्रह आहे. ते वाक्य माझ्या सहीने जाणार असल्यामुळे ते खरे आहे की नाही याची मला आधी खात्री करून घ्यायची आहे.

आकडेमोड

तुमच्या हिशेबात ९२ ही संख्या चुकली आहे. रविवारी आणि चतुर्थीच्या सुट्टीत कोणी कामावर येणे अपेक्षितच नव्हते, तेव्हा ते दिवस छेदात धरले की टक्केवारी विनाकारण खाली येते. कामाचे दिवस मोजायला एक्सेलमध्ये हे सूत्र वापरा. H2 ते H4 मध्ये तुमच्या तीन सुट्ट्यांच्या तारखा लिहाव्या लागतील, आणि ११ या अंकाचा अर्थ साप्ताहिक सुट्टी फक्त रविवारी, असा आहे.

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,7,1),DATE(2025,9,30),11,H2:H4)
```

उत्तर ७६ येईल : जुलैचे २७, ऑगस्टचे २३ आणि सप्टेंबरचे २६. माणसांची संख्या मध्येच बदलली असल्यामुळे सरासरी न घेता प्रत्येक महिन्याची माणसे त्या महिन्याच्या दिवसांनी गुणून बेरीज करावी. जुलैचे २४ गुणिले २७ म्हणजे ६४८, ऑगस्टचे २६ गुणिले २३ म्हणजे ५९८ आणि सप्टेंबरचे २६ गुणिले २६ म्हणजे ६७६, असे एकूण १९२२ मनुष्यदिवस होतात. त्यावर २३८ म्हणजे १२.४ टक्के, म्हणजेच सॉफ्टवेअरचे गणित बरोबर आहे.

फक्त एक दुरुस्ती मी सुचवीन. मंजूर केलेली पी.एल. ही गैरहजेरी नव्हे. ते ८२ दिवस वरून वजा करा. १९२२ वर १५६ म्हणजे ८.१ टक्के, हा तुमचा खरा आकडा.

कामगारमित्र_वास्को

मंजिरीताई, चतुर्थीला घरी जाणाऱ्या माणसाचा पगार कापण्याची ही पूर्वतयारी असेल तर मी आधीच स्पष्ट विरोध नोंदवतो. कारखाने कायद्याखाली कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा मिळत आली आहे. ती त्याने कमावलेली असते, कोणी उपकार म्हणून दिलेली नसते. ई.एस.आय.वर असलेल्या माणसाचे ४५ दिवस तुम्ही गैरहजेरीच्या रकान्यात कसे काय लिहिता?

मंजिरी_फोंडा

@कामगारमित्र_वास्को, येथे पगार कापण्याचा प्रश्नच नाही. पी.एल.चा पगार दिला गेला आहे आणि ई.एस.आय.चा लाभही त्या ऑपरेटरला मिळाला आहे. मला फक्त विभागाची टक्केवारी काढायची आहे.

कामगारमित्र_वास्को

तुमचा हेतू मला पटला, आणि मी प्रश्न चुकीचा वाचला हे मान्य करतो. तरीही एक सांगणे राहतेच. २०.४ टक्के गैरहजेरी असे लिहिलेला कागद टेबलावर आला की वाचणारा त्याचा अर्थ कामचुकारपणा असाच घेतो. रजेवर असणे आणि न सांगता घरी बसणे या दोहोंना एकच शब्द वापरला तर पुढच्या वेतनवाढीच्या बैठकीत हाच कागद कामगारांपुढे ठेवला जाईल.

जुना_मस्टर

कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये माझी तीस वर्षे गेली, त्या अनुभवावरून लिहितो. सर्वांनी वजाबाकी आणि भागाकार केले, पण मस्टरवरील नावे खरोखर कामावर असलेल्या माणसांची आहेत का, हे कोणी विचारले नाही. विनापरवानगी ४१ दिवस हा आकडा २५ माणसांच्या विभागाला फार मोठा आहे. बाईंनी ते ४१ दिवस माणसागणिक वाटून पाहावेत. माझ्या अनुभवात असा आकडा आला की तो बहुतेक वेळा एका-दोघांचाच निघतो, आणि त्यांपैकी एखादा तर नोकरी सोडून गेलेला असतो.

मंजिरी_फोंडा

काका, तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. ४१ पैकी ३० दिवस एकाच मुलाचे आहेत. तो २३ ऑगस्टच्या शनिवारी शेवटचा आला आणि चतुर्थीला गावी गेला. २५, २६, २९ आणि ३० ऑगस्ट हे त्याचे चार दिवस लागले आणि सप्टेंबरचे सगळेच्या सगळे २६ दिवस लागले. सुपरवायझरना विचारले तेव्हा कळले की त्याने ३० तारखेलाच फोन करून मोपाला दुसरी नोकरी मिळाल्याचे सांगितले होते. राजीनामा लेखी आला नाही, फुल अँड फायनलचे कागद अडकले, आणि नाव मस्टरवर तसेच राहिले. महिनाभर त्याच्या नावापुढे रोज ए लागत होता.

जुना_मस्टर

मग तो सप्टेंबरमध्ये गैरहजर नव्हता, तो विभागातच नव्हता. लेबर ब्युरो ज्या व्याख्येने गैरहजेरीचे आकडे गोळा करत आली आहे, तिच्यात याचे उत्तर आहे. न सांगता सोडून गेलेल्या माणसाला नाव पटावरून काढेपर्यंत गैरहजर धरावे, पण हा काळ शक्यतो एका आठवड्यापेक्षा जास्त नसावा, आणि त्यानंतर तो ना अपेक्षितांत ना गैरहजरांत. तुमच्या बाबतीत ३० ऑगस्टला आठवडा पूर्ण होतो, त्यामुळे ऑगस्टचे चार दिवस राहू द्या आणि सप्टेंबरचे २६ दिवस वरूनही काढा व खालूनही काढा. अपेक्षित मनुष्यदिवस १८९६ होतील आणि गैरहजेरी २१२ दिवस, म्हणजे ११.२ टक्के.

आता पी.एल.चे पाहू. @आकडेमोड यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. त्याच व्याख्येप्रमाणे ठरलेल्या सुट्टीवर असलेला माणूस गैरहजर धरत नाहीत, परंतु त्या दिवशी तो कामावर अपेक्षित होता असेही धरत नाहीत. तुम्ही त्याला अंशातून काढले आणि छेदात तसेच ठेवले. म्हणजे तो हजर होता असे मानल्यासारखे झाले. तिमाहीला याने फरक थोडा पडतो, पण ऑगस्टला किती पडतो ते महिनावार पी.एल. कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

आकडेमोड

तुमचा मुद्दा मला मान्य आहे. छेद माझ्या लक्षातच आला नाही.

कांदोळीकर

मी एका हॉटेलच्या हाउसकीपिंगचे काम पाहतो. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते आणि सीझनमध्ये ती आयत्या वेळी बदलते. सुट्टीच्या दिवशी बोलावलेला माणूस आला नाही तर तो गैरहजर धरायचा का, हा वाद आमच्याकडे दर महिन्याला होतो. वरच्या सूत्रात रविवार गृहीत धरला आहे, तो आम्हाला लागू होत नाही.

जुना_मस्टर

@कांदोळीकर, तुम्ही कॅलेंडर बाजूला ठेवून ड्यूटी चार्टवरून मोजा. चार्टवर ज्या दिवशी ज्याचे नाव आहे तो एक मनुष्यदिवस, एवढाच तुमचा छेद. आयत्या वेळी बोलावल्याचे त्या माणसाला पुरेसे आधी कळले होते का, यावर तो अपेक्षित होता की नाही हे ठरते. हा निकष प्रत्येक हॉटेलने लेखी ठरवून घ्यावा आणि मग वर्षभर बदलू नये.

मंजिरी_फोंडा

महिनावार फोड काढली. निघून गेलेल्या मुलाचे सप्टेंबरचे दिवस वगळून ती अशी आहे.

जुलैमध्ये ६४८ पैकी ५२ दिवस गैरहजेरी, त्यांत पी.एल. ६ आणि ई.एस.आय.चे २२.
ऑगस्टमध्ये ५९८ पैकी १२२, त्यांत पी.एल. ६४ आणि ई.एस.आय.चे २३.
सप्टेंबरमध्ये ६५० पैकी ३८, त्यांत पी.एल. १२ आणि ई.एस.आय.चे शून्य.

ऑगस्टची ६४ दिवस पी.एल. जवळजवळ सगळी चतुर्थीच्या दोन्ही बाजूंची आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असलेले लोक लवकर परततात, पाच किंवा सात दिवसांचा असलेले पूर्ण आठवडा घेतात, आणि सावंतवाडी-बांद्याकडचे लोक माटोळीच्या सामानापासून सगळे गावी करायचे म्हणून दोन दिवस आधीच निघतात. हे दरवर्षीचे आहे, आणि जुलैअखेर रजेचा तक्ता लागतो तेव्हाच उत्पादन विभागाला ते ठाऊक असते.

पण आता माझी अडचण वाढली आहे. सप्टेंबर ९.५ वरून ५.८ वर आला आणि व्यवस्थापकांना तो आकडा अधिकच आवडला. त्यांच्या मते यंत्राने गैरहजेरी २०.४ वरून थेट ५.८ वर आणली. मी चूक दुरुस्त केली आणि त्यामुळे त्यांचाच दावा बळकट झाला.

सांख्यिकी_म्हापसा

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, कारखान्याचा अनुभव मला नाही, तरी हा प्रश्न माझ्या विषयातला आहे. तुमची दुरुस्ती बरोबरच होती. दाव्याची परीक्षा अजून व्हायची आहे.

पहिले पाऊल @जुना_मस्टर यांनी सांगितलेच आहे. ठरवलेली पी.एल. वरून आणि खालून काढली की जुलैला ६४२ वर ४६ म्हणजे ७.२, ऑगस्टला ५३४ वर ५८ म्हणजे १०.९ आणि सप्टेंबरला ६३८ वर २६ म्हणजे ४.१ टक्के येतात. (ऑगस्टला पी.एल. फक्त वरून काढली असती तर १०.९ ऐवजी ९.७ दिसले असते.) वीस टक्क्यांचा डोंगर एवढ्यानेच निम्मा झाला. तो चतुर्थीचा होता, आणि यंत्र नसते तरी सप्टेंबरमध्ये तो उतरलाच असता.

दुसरे पाऊल ई.एस.आय.च्या ऑपरेटरचे. त्यांची रजा कधी सुरू झाली आणि ते कधी परतले, ते कृपया सांगा.

मंजिरी_फोंडा

६ जुलैच्या रविवारी पावसात घराजवळ दुचाकी घसरून त्यांचा पाय मोडला. ७ जुलैपासून ते रजेवर होते आणि १ सप्टेंबरला, म्हणजे यंत्र बसले त्याच सोमवारी, परत रुजू झाले. पहिल्या दिवशी यंत्रावर बोट ठेवायला ते कुबडी घेऊनच उभे होते, ते मला चांगले आठवते.

सांख्यिकी_म्हापसा

मग उत्तर तुमच्या समोरच आहे. त्यांचे ४५ दिवस दोन्हीकडून वगळून पाहा. जुलैला ६२० वर २४ म्हणजे ३.९ टक्के, ऑगस्टला ५११ वर ३५ म्हणजे ६.८ टक्के, आणि सप्टेंबरला ६३८ वर २६ म्हणजे पूर्वीचेच ४.१ टक्के. यंत्र नसलेला जुलै आणि यंत्र असलेला सप्टेंबर जवळजवळ सारखे आहेत. २०.४ आणि ५.८ यांच्यामधला बहुतेक उतार चतुर्थी संपली आणि एका माणसाचा पाय बरा झाला, एवढ्याने झालेला आहे.

२४ माणसांच्या विभागात एक माणूस जुलैभर नसला तर ६४८ पैकी २७ दिवस, म्हणजे ४.२ टक्के, एकट्याने चढतात. म्हणून लहान विभागाची तिमाही टक्केवारी दुसऱ्या विभागाशी किंवा मागच्या तिमाहीशी ताडून पाहण्याआधी सर्वांत जास्त गैरहजर असलेली एक व्यक्ती काढून आकडा किती हलतो, हे नेहमी पाहावे. तो अर्ध्यावर येत असेल तर तो आकडा त्या एका माणसाची कहाणी सांगतो, त्यावरून विभागाविषयी काही ठरवता येत नाही.

जुना_मस्टर

बाईंच्या गणिताशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवतो. तुलना करण्यासाठी पाय मोडलेल्या माणसाला वगळणे योग्य आहे, परंतु तिमाहीच्या मुख्य आकड्यातून त्याला वगळू नका. ते ४५ दिवस लाइनवर एक माणूस खरोखरच कमी होता आणि कोणीतरी ओव्हरटाइम करून ती जागा भरली. तिमाहीचा मुख्य आकडा १८१४ वर १३०, म्हणजे ७.२ टक्के ठेवा आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत लिहा की त्यांपैकी ४५ दिवस एकाच दीर्घ आजारपणाचे असून ते वगळता दर ४.८ टक्के आहे. एक ओळ उत्पादनाचे नियोजन करणाऱ्यासाठी आहे आणि दुसरी विभागाच्या वागणुकीविषयी बोलणाऱ्यासाठी.

तीन महिन्यांच्या टक्केवाऱ्यांची बेरीज करून तिला तीनने भागण्याचा मोहही टाळावा. दिवस सारखे नसल्यामुळे ती सरासरी जुळत नाही.

मंजिरी_फोंडा

चतुर्थीच्या पी.एल.बद्दल एक शंका राहते. ६४ पैकी काही दिवस तक्त्यात नव्हते. लोकांनी गावाहून फोन करून रजा वाढवली आणि आम्ही ती परतल्यावर मंजूर केली. ते दिवस ठरलेल्या सुट्टीत मोडतात का?

जुना_मस्टर

माझ्या मते मोडत नाहीत. त्या सकाळी सुपरवायझरने त्यांना धरून माणसे मांडली होती आणि ते आले नाहीत. कागदावर नंतर पी.एल. लिहिले म्हणून ती सकाळ बदलत नाही.

कामगारमित्र_वास्को

मला हे मान्य नाही. रजा मंजूर झाली म्हणजे मालकाने कारण पटल्याचे लिहून दिले. त्यानंतर तोच दिवस गैरहजेरीत मोजणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे. निदान त्यांना विनापरवानगी दिवसांच्या शेजारी बसवू नका, वेगळा रकाना करा.

आकडेमोड

रकाना वेगळा असावा हे मलाही पटते. पण मला ज्याची काळजी वाटते ते वेगळेच आहे. पी.एल. आणि ई.एस.आय. काढल्यावर ८५ दिवस उरतात. त्यांत सोमवार किती आहेत ते पाहा. एक-एक दिवसाची सोमवारची दांडी हे नेहमीचे चित्र असते आणि तेथेच खरी शिस्तीची समस्या सापडते.

मंजिरी_फोंडा

काल संध्याकाळी बसून ते ८५ दिवस खेपांप्रमाणे मांडले, म्हणजे सलग गैरहजेरी ती एक खेप. एकूण ५१ खेपा निघाल्या. त्यांतल्या ३८ एकेका दिवसाच्या आहेत आणि उरलेल्या १३ खेपांत ४७ दिवस आहेत, बहुतेक ताप आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचे. ३८ पैकी सोमवार ९ आहेत.

सांख्यिकी_म्हापसा

तिमाहीच्या ७६ कामाच्या दिवसांत १३ सोमवार होते. ३८ दिवस कोणत्याही कारणाशिवाय आठवड्यावर सारखे पसरले असते तरी सोमवारच्या वाट्याला साडेसहा आले असते. साडेसहाच्या जागी नऊ येणे इतक्या लहान संख्येत सहज घडते, त्यावरून कोणावर आरोप करता येणार नाही. मात्र खेपा मोजल्या हे फार चांगले झाले. एका माणसाचे ४५ दिवस म्हणजे एक खेप आणि ३८ एकेक दिवस म्हणजे ३८ खेपा. टक्केवारीत दोन्ही जवळजवळ सारखेच वजन टाकतात, पण पहिल्या बाबतीत बदली माणूस देता येतो आणि दुसऱ्या बाबतीत रोज सकाळी सव्वासातला लाइन मोडते.

मंजिरी_फोंडा

तुमचे वाचून मी ती ३८ नावे पुन्हा सुपरवायझरच्या डायरीशी ताडून पाहिली, आणि एक गोष्ट दिसली जी मस्टरवर कुठेच नाही. ३८ पैकी ११ दिवस केपेकडून येणाऱ्या चार बायकांचे आहेत आणि ते सगळे जुलैच्या मध्यानंतरचे आहेत. त्याच सुमारास त्या मार्गावरची कंपनीची बस माणसे कमी म्हणून बंद झाली. डायरीत दोन ठिकाणी ‘बस चुकली, मडगावहून परत’ असे लिहिलेले आहे. मस्टरवर त्याच दिवसांसमोर फक्त सी.एल. आहे.

आकडेमोड

मी शिस्तीचा शब्द घाईने वापरला, तो मागे घेतो. तरीही चार जणींचे ११ दिवस बसमुळेच गेले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्या भागात पाऊस आणि ताप दोन्ही असतात. बस चालू असताना, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये, त्याच चौघींच्या किती खेपा होत्या?

मंजिरी_फोंडा

त्यांतली एक १ ऑगस्टलाच रुजू झाली आहे, त्यामुळे तुलना तिघींचीच होईल. एप्रिल-जूनचे मस्टर गोदामातून मागवले आहे.

कामगारमित्र_वास्को

तीन महिन्यांचे मस्टर येईपर्यंत वाट का पाहायची? चौघींना विचारा.

मंजिरी_फोंडा

दोघींना विचारले आहे. एक म्हणाली की बस बंद झाल्यावर मडगावपर्यंतची पहिली गाडी चुकली की पुढच्या गाडीने पोहोचायला साडेनऊ होतात, आणि उशिरा येण्यापेक्षा रजा टाकलेली बरी वाटते. दुसरीने सांगितले की तिच्या मुलाला ताप होता, बसशी संबंध नाही.

जुना_मस्टर

यंत्राविषयी एक राहिले. यंत्र येण्यापूर्वी मस्टर कोण भरत असे, आणि उशिरा आलेल्याचे काय होत असे?

मंजिरी_फोंडा

सुपरवायझर भरत असत. दोन-अडीच तास उशीर झाला तरी ते हजेरी लावत. आता यंत्र दोन तासांच्या वर उशीर झाला की अर्धा दिवस कापते. सप्टेंबरच्या ११ सी.एल.पैकी ४ दिवस म्हणजे असे आठ अर्धे दिवस आहेत.

जुना_मस्टर

मग जुलै आणि सप्टेंबर एकाच मापाने मोजलेले नाहीत. जुलैमध्ये जे अर्धे दिवस हजेरीत लपले, ते सप्टेंबरमध्ये उघड झाले. जुन्या पद्धतीने सप्टेंबर मोजला तर २६ ऐवजी २२ दिवस, म्हणजे ३.४ टक्के येतो. तेव्हा यंत्राने काहीच झाले नाही असेही लिहू नका.

सांख्यिकी_म्हापसा

आणि ३.९ वरून ३.४ झाले, म्हणजे यंत्राचा परिणाम झाला, असेही लिहू नका. साडेसहाशे मनुष्यदिवसांत अर्धा टक्का म्हणजे तीन दिवस, आणि एका घरात दोन दिवस ताप रेंगाळला तरी एवढा फरक पडतो. एका महिन्यावरून हा प्रश्न सुटणारा नाही. पुढच्या वर्षीच्या जुलैशी याच मापाने तुलना केली तर काही बोलता येईल, तेही दोन्ही जुलैंत पाय मोडल्यासारखी घटना वगळून.

मंजिरी_फोंडा

आज टिपण दिले. त्यात तिमाहीचा दर ७.२ टक्के, एक दीर्घ आजारपण वगळता ४.८ टक्के, चतुर्थीची ठरलेली पी.एल. वेगळ्या ओळीत, आणि फोनवरून वाढवलेल्या रजेचा प्रश्न अनिर्णित असल्याची नोंद आहे. यंत्राविषयी इतकेच लिहिले की १ सप्टेंबरपासून मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आधीच्या महिन्यांशी थेट तुलना करू नये. व्यवस्थापकांना ते वाक्य आवडलेले नाही. त्यांनी टिपण परत पाठवले नाही, सहीसाठी पुढेही पाठवलेले नाही. केपेच्या बसचा मुद्दा मी टिपणात घातला नाही, तो प्रशासन विभागाला स्वतंत्र पत्राने कळवला.

कांदोळीकर

एक शेवटचे विचारतो. तुमच्या पॅकिंगमध्ये कंत्राटी माणसे नाहीत का? आमच्याकडे कंत्राटदाराच्या मस्टरवर गैरहजेरी नेहमी शून्य असते, आणि मालक आम्हाला तोच आकडा दाखवून विचारतात की कायम माणसेच का गैरहजर राहतात.

जुना_मस्टर

ते शून्य माणसांचे नाही, जागांचे आहे. एक जण आला नाही की कंत्राटदार दुसऱ्याला पाठवतो आणि मस्टरवर दहाच्या दहा भरलेले दिसतात. तुम्ही त्याच्याकडून नावानिशी हजेरी मागा. दहा जागांवर महिन्यात किती वेगवेगळी नावे येऊन गेली ते मोजले की निदान अंदाज येईल.

मंजिरी_फोंडा

आमच्याकडे बारा कंत्राटी जागा आहेत आणि मी त्या या हिशेबात धरल्याच नव्हत्या. गेटवरच्या नोंदवहीत नावे असतात. सोमवारी ती मागते.